ऑफर आली, पण पगार आणि जॉइनिंगची तारीख दोन्ही जमत नाही, मेल कसा लिहू?

प्रश्न: ताई, सोमवारी ऑफर लेटर आलं. काम मनासारखं आहे, टीमही आवडली. हिशोबासाठी माझा सध्याचा पगार 100 धर, सगळा फिक्स्ड, वर 10 वार्षिक बोनस, तो 20 जुलैला मिळतो. ऑफर 120 ची आहे पण त्यात 18 व्हेरिएबल, म्हणजे फिक्स्ड फक्त 102. आणि पहिल्या फोनवर "साधारण 120" हे मीच बोलून बसलेय. मला फिक्स्ड 115 तरी हवेत. शिवाय ते 1 जुलैला जॉइन हो म्हणतात आणि माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा. शुक्रवारी, 5 जूनपर्यंत उत्तर द्यायचंय. आभारही मानायचेत आणि ठामही राहायचंय, असा मेल कसा लिहू? आणि त्यांनी ऑफरच काढून घेतली तर?

उत्तर: आधी त्या शेवटच्या प्रश्नाचं बघू, कारण ती भीती डोक्यात असली की मेल फार नरम तरी होतो नाहीतर उगाच ताठ तरी. मी बरीच वर्षं भरतीच्या बाजूला काम केलंय, तिथून सांगते. ऑफर लेटर निघतं तोवर त्या माणसांचे कित्येक आठवडे गेलेले असतात, मॅनेजरने बाकीच्यांना नाही म्हटलेलं असतं, वरून मंजुरी आणलेली असते. एका सभ्य विनंतीवरून हे सगळं कोणी सहसा पाण्यात घालत नाही. ऑफर हातची जाते ती वेगळ्या कारणांनी: आधी हो म्हणून मग दोन दिवसांनी नवीन मागणी, रोज एक नवीन मुद्दा, मुदत उलटेपर्यंत गप्प बसणं, किंवा आधी सांगितलेल्या आकड्याशी काही संबंधच नसलेली मागणी. यातलं शेवटचं तुला लागू पडू शकतं म्हणून तुझ्या 115 बद्दल जरा बोलायला हवं.

तू 120 म्हणालीस आणि त्यांनी 120 दिले. तुझ्या मनात फिक्स्ड होतं, त्यांच्या मनात एकूण होतं. हा घोळ फार कॉमन आहे, पण त्यांच्या फाइलमध्ये नोंद अशीच असणार की उमेदवाराने मागितलं तेवढं दिलं. आता तू फिक्स्ड 115 मागितलेस आणि व्हेरिएबल 18 तसंच राहिलं तर एकूण होतात 133, म्हणजे तू स्वतःच्या शब्दापेक्षा 13 वर जातेस आणि समोरच्याला वाटतं की ऑफर हातात पडल्यावर हिने भाव वाढवला. तसं त्यांना वाटलं की मेलमध्ये कितीही गोड लिही, उपयोग नाही.

त्यापेक्षा एकूण आकड्याला हातच लावू नकोस, आतली विभागणी बदलून माग. आज तुला 100 अधिक 10 बोनस मिळून 110 पडतात. ऑफरमध्ये पक्के 102. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर 120, पण समजा 70 टक्केच मिळालं तर 18 चे 12.6 होतात आणि एकूण 114.6, म्हणजे आजच्यापेक्षा जेमतेम 4 टक्के जास्त. आणि मिळालंच नाही तर तू आजच्यापेक्षा 8 ने खाली. म्हणून मी म्हणेन फिक्स्ड 112 आणि व्हेरिएबल 8 माग, एकूण तेच 120. याचं कारण एका वाक्यात सांगता येतं: व्हेरिएबल शून्य आलं तरी मी आजच्यापेक्षा खाली जाऊ नये. हे वाक्य कोणालाही पटतं. 115 का हवेत हे तुला तसं एका वाक्यात सांगता येईल का बघ, मला तुझ्या पत्रात तरी ते सापडलं नाही.

आता तारीख. ही गोष्ट पगारापासून वेगळी नाहीये, कारण तुझा 10 चा बोनस जॉइनिंगच्या तारखेवर अवलंबून आहे. आजच तुझ्या सध्याच्या कंपनीची बोनस पॉलिसी उघड आणि एकच ओळ शोध: बोनस मिळायला त्या दिवशी फक्त पेरोलवर असावं लागतं, की राजीनामा दिलेला नसावा असंही लिहिलंय? बऱ्याच ठिकाणी दुसरी अट असते आणि लोकांना ती राजीनामा दिल्यावर कळते. फक्त पेरोलवर असणं पुरत असेल तर तुझं काम सोपं आहे. सोमवारी 8 जूनला राजीनामा दिलास तर 60 दिवस 7 ऑगस्टला, शुक्रवारी संपतात, बोनस मधे 20 जुलैला मिळून जातो आणि तू सोमवारी 10 ऑगस्टला जॉइन होऊ शकतेस.

दुसरी अट असेल तर मात्र बोनस हवा म्हणून 20 जुलैनंतर राजीनामा देऊ असा विचार करू नकोस, कारण मग शेवटचा दिवस सप्टेंबरच्या मध्यापुढे जातो आणि 1 जुलै म्हणणारी कंपनी तेवढं थांबेल असं मला वाटत नाही. तेव्हा तारीख 10 ऑगस्टच ठेवायची आणि बुडणाऱ्या 10 साठी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस मागायचा. कंपनीला हा देणं फिक्स्ड वाढवण्यापेक्षा सोपं जातं कारण तो एकदाच जातो, दरवर्षीची पगारवाढ त्याच्यावर मोजली जात नाही आणि टीममधल्या बाकीच्यांच्या पगाराशी तुलना बिघडत नाही. फक्त त्याला बहुतेक वेळा वर्षभराची अट असते, आधी सोडलंस तर परत द्यावा लागतो, ते नीट वाच.

मेल लिहिण्याआधी अजून एक गोष्ट लक्षात घे. तू ज्या एचआर मॅडमना लिहिणारेस त्या बहुतेक स्वतः निर्णय घेणार नाहीत. त्या तुझा मेल मॅनेजरला, मग पगाराची मंजुरी देणाऱ्या कोणाला तरी फॉरवर्ड करणार. म्हणजे तुला कधी न भेटलेला माणूस मोबाइलवर तो वाचणार आहे आणि त्याला पहिल्या काही ओळींत कळलं पाहिजे की ही येणार आहे का, काय हवंय, का हवंय आणि दिलं तर लगेच सही करेल का. मी असा लिहीन:

> विषय: ऑफरबद्दल आभार, आणि फिक्स्ड पगार व जॉइनिंग तारखेबद्दल विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> ऑफरबद्दल मनापासून आभार. मुलाखतीत ज्या कामाबद्दल बोलणं झालं ते मला करायचं आहे आणि मला तुमच्याकडे यायचं आहे. सही करण्याआधी दोन गोष्टींचा विचार व्हावा अशी विनंती आहे.
>
> पहिली, पगाराची विभागणी. पहिल्या फोनवर मी साधारण 120 सांगितले होते आणि तुम्ही तो आकडा पाळलात. तेव्हा त्यात व्हेरिएबल किती असेल याची मला कल्पना नव्हती. आज मला फिक्स्ड 100 आणि वार्षिक बोनस 10 असे 110 मिळतात, ऑफरमध्ये फिक्स्ड 102 आहेत. एकूण 120 तसेच ठेवून फिक्स्ड 112 आणि व्हेरिएबल 8 करावं, अशी माझी विनंती आहे.
>
> दुसरी, जॉइनिंगची तारीख. माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे आणि हातातलं काम नीट सोपवून मला निघायचं आहे. सुधारित लेटर शुक्रवार, 5 जूनपर्यंत मिळालं तर मी सोमवारी 8 जूनला राजीनामा देईन, 7 ऑगस्ट हा माझा तिथला शेवटचा दिवस असेल आणि सोमवारी 10 ऑगस्टला मी तुमच्याकडे जॉइन होईन.
>
> या दोन्ही गोष्टी जमल्या तर लेटर मिळेल त्याच दिवशी सही करून पाठवते. फोनवर बोलायचं असेल तर उद्या दुपारी 1 ते 2 आणि संध्याकाळी 6 नंतर मी मोकळी आहे.
>
> पुन्हा एकदा आभार.

आभार दोनदा आलेत, सुरुवातीला आणि शेवटी, मधे कुठेही माफी नाही. लोक आभारीपणा दाखवायला "तुम्हाला त्रास देतेय", "शक्य नसेल तरी चालेल", "माझी काही हरकत नाही पण" असं काहीतरी घुसडतात. त्यातलं "नसेल तरी चालेल" सगळ्यात महाग पडतं, कारण फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये मंजुरी देणारा तेवढंच वाचतो आणि म्हणतो चालतंय ना तिला, मग राहू दे. आणि ठामपणा म्हणजे आवाज चढवणं नाही, आकडा एकच देणं आणि तारीख एकच देणं. तू "110 ते 115" लिहिलंस तर तुझ्यासाठी 115 असेल, त्यांच्यासाठी ते 110 च आहेत.

"अन्यथा मला ऑफर स्वीकारता येणार नाही" असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. यामागे नुसता सभ्यपणा नाही, कायद्याचाही मुद्दा आहे. ज्या देशांत इंग्लिश कॉमन लॉची पद्धत चालते तिथे काउंटर ऑफर दिली की मूळ ऑफर संपते असं धरतात. 1840 च्या एका खटल्यात शेत 1000 पौंडांना विकायची ऑफर होती, घेणाऱ्याने 950 देतो म्हटलं, समोरचा नाही म्हणाला, मग हा म्हणाला बरं 1000 देतो, तर कोर्टाने सांगितलं की ती ऑफर आता उरलेलीच नाही. उलट 1880 च्या दुसऱ्या एका खटल्यात लोखंड घेणाऱ्याने फक्त विचारलं होतं की डिलिव्हरी दोन महिन्यांत विभागून देता येईल का, तेव्हा कोर्ट म्हणालं ही नुसती विचारणा आहे, मूळ ऑफर कायम आहे. रोजच्या भरतीत कोणी कोर्टापर्यंत जात नाही, पण "विचार व्हावा अशी विनंती आहे" आणि "एवढं असेल तरच येईन" यात हा फरक आहे, आणि पहिल्या मेलमध्ये तुला पहिल्या बाजूला राहायचंय. त्याच कारणाने "ऑफर स्वीकारते, पण" असंही लिहू नकोस, नाहीतर त्यांना स्वीकारलं तेवढंच दिसेल.

कारणांमध्ये घराचा हप्ता, घरभाडं, मुलांची फी हे काही आणू नकोस. ते खरं असलं तरी मंजुरी देणाऱ्याला त्यावर "हो" लिहिता येत नाही, त्याला आजचा पगार, कामाची जबाबदारी, बाजारातला दर असलं काहीतरी लागतं. आणि दुसरी ऑफर नसताना आहे म्हणून सांगू नकोस, त्यांनी लेटर दाखव म्हटलं तर काय करशील? आजच्या पगाराचे आकडेही जसे आहेत तसेच लिही, पुढे स्लिपा मागतात.

मेल बुधवारी सकाळीच जाऊ दे. गुरुवारी दुपारपर्यंत काहीच आलं नाही तर एक फोन कर, आणि मंजुरी बाकी आहे म्हणाले तर लगेच दोन ओळींचा मेल टाक की मुदत बुधवार, 10 जूनपर्यंत वाढवल्याचं कळवावं, माझी राजीनाम्याची आणि जॉइनिंगची तारीखही तेवढ्याच दिवसांनी पुढे जाईल. मुदत फोनवर वाढली तरी लेखी घे, कारण शुक्रवार संध्याकाळनंतर जुनं लेटर आपोआप रद्द होतं असं बऱ्याच लेटरांत शेवटच्या पानावर छापलेलं असतं.

आता उत्तरं काय येऊ शकतात. सगळ्यात जास्त शक्यता आहे की मॅडम म्हणतील, व्हेरिएबलचं प्रमाण ग्रेडप्रमाणे ठरलेलं आहे, 15 टक्के, ते मी बदलू शकत नाही. 120 चे 15 टक्के म्हणजे बरोबर 18, त्यामुळे हे खरं असण्याची शक्यताही बरीच आहे. इथे वाद घालू नकोस, दुसरा रस्ता तयार ठेव. एकूण 126 केले तर 15 टक्क्यांचे साधारण 19 जातात आणि फिक्स्ड 107 होतात, वर 5 एकदाचा जॉइनिंग बोनस मिळाला तर पहिल्या वर्षाचे पक्के 112 जमतात. बघ, तुझं कारण तेच राहिलं, फक्त पैसे यायची वाट बदलली. यात एकूण आकडा 6 ने वर जातोय, पण तो त्यांच्या नियमामुळे जातोय आणि तू आधी 120 मध्येच बसवायचा प्रयत्न केला होतास हे लेखी आहे, त्यामुळे ते खटकत नाही. हा दुसरा रस्ता पहिल्या मेलमध्ये मात्र अजिबात लिहायचा नाही, तो फोनवर किंवा दुसऱ्या मेलमध्येच. (बोनसच्या पॉलिसीत ती वाईट अट निघाली आणि तू आधीच 10 चा जॉइनिंग बोनस मागितलेला असशील तर हे 5 त्यावर अजून चढवू नकोस, तेव्हा 10 वरच ठाम राहा.)

ते असंही म्हणतील की पगार आत्ता नाही, सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू. लेटरमध्ये महिना घालून लिहून देत असतील तर त्याला थोडी किंमत आहे, तोंडी असेल तर ती शून्य धर, कारण सहा महिन्यांनी त्या मॅडम तिथे असतीलच असं नाही.

तारखेवर अडले तर आधी विचार की 1 जुलै का. कधी कधी त्या दिवशी नवीन बॅचचं ट्रेनिंग सुरू होत असतं, कधी नुसता टेम्प्लेटमधला "30 दिवस" असतो आणि मागितलं की बदलतो. खरंच घाई असेल तर तू म्हणू शकतेस की सध्याच्या कंपनीने लवकर सोडलं आणि उरलेल्या नोटीसचे पैसे तुम्ही भरलेत तर 27 जुलैला येते, बोनस तेव्हाही 20 ला मिळालेला असेल. पण हे "सोडलं तर" वाक्यात राहूच दे. लवकर सोडणं तुझ्या आत्ताच्या मॅनेजरच्या हातात आहे, तुझ्या नाही, आणि हातात नसलेली तारीख कबूल करून नंतर ती हुकवणं हे 10 ऑगस्ट मागण्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतं. 1 जुलैला मात्र नोटीसचे पैसे भरले तरी तुझे 10 जातात, तेव्हा ते त्यावर अडून बसले तर ते 10 सुद्धा त्यांच्याकडून यायला हवेत, हे स्पष्ट सांग.

आणि सरळ नाही आलं, 102 अधिक 18 च, काही बदलणार नाही, तर? मग दोन गोष्टी विचार: गेल्या दोन-तीन वर्षांत या टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं, आणि पहिल्या वर्षी ते पूर्ण मिळतं की जॉइन झाल्यापासूनच्या महिन्यांपुरतंच. दर वर्षी 90 च्या पुढे मिळत असेल तर तुझे 118 च्या आसपास पडतील आणि काम मनासारखं आहे म्हणतेस, मी तर जाईन. गोलगोल उत्तर आलं तर 102 हाच पगार धरून ठरव. तुझा खालचा आकडा मात्र फोन यायच्या आधीच कागदावर लिहून ठेव, फोनवर समोरचा गोड बोलत असताना तो ठरवता येत नाही.

फोनवर जे काही ठरेल ते पंधरा मिनिटांत मेलवर टाक, "आत्ता बोललो त्याप्रमाणे फिक्स्ड अमुक, व्हेरिएबल अमुक, जॉइनिंग 10 ऑगस्ट, सुधारित लेटरची वाट बघते" एवढंच. आणि त्यांनी मागितलेलं सगळं दिलं तर तिथेच थांब, अजून एक लॅपटॉपचं नाहीतर घरून कामाचं विचारून बघू असं करू नकोस, ते हवं असेल तर त्याच पहिल्या मेलमध्ये यायला हवं होतं.

सुधारित लेटर आलं की पहिल्या पानावर विश्वास ठेवू नकोस, मागचा पगाराचा तक्ता उघड. पहिल्या पानावर नवा आकडा आणि मागे तक्त्यात जुनेच 102, असं होतं, कारण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी टाइप होतात. जॉइनिंगची तारीख, फिक्स्ड, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस आणि तो परत करायची अट, एवढं तक्त्यात आणि मजकुरात जुळवून बघ, चूक असेल तर सही न करता परत पाठव. ते बरोबर होऊन, सही होऊन, त्यांच्याकडून पोच येईपर्यंत सध्याच्या ऑफिसात कोणालाही काही बोलू नकोस, अगदी जवळच्या कलीगलासुद्धा नाही, आणि सोमवारी सकाळी राजीनाम्याच्या मेलमध्ये 7 ऑगस्ट ही शेवटची तारीख स्वतःच लिहून टाक.